30, 32 की 14? बायकांच्या पँटचा नंबर सीटवरून कसा ठरवायचा

प्रश्न: माझी कंबर 31 आणि सीट 42 इंच भरते. साध्या कॉटनची 32 नंबरची पँट घेतली तर खिसे फाकतात आणि बसलं की ती खाली सरकते. 34 घेतली तर सीटवर छान बसते, पण मागे कमरेला मूठ जाईल एवढी फट राहते. दुसऱ्या एका कंपनीची ऑफिसला घालायची पँट आवडली आहे, तिचं कापड ताणतं, पण तिथे नंबर 12, 14, 16 असे आहेत. कोष्टकात 30 म्हणजे 14 असं दाखवतात, पण 30 तर मला मांडीतच अडकते. कोणता नंबर घेऊ?

उत्तर:

कॉटनची पँट 34 घ्या आणि कंबर शिंप्याकडून मागून आत घेऊन घ्या. ताणणारी पँट 14 घ्या. दोन्ही उत्तरं तुमच्या 42 इंचाच्या सीटवरून निघतात, 31 इंचाच्या कंबरेवरून नाही. मी कारखान्यात बायकांच्या पँटचे पॅटर्न काढत आले, आता शिवते आणि अल्टर करते. या कामात जवळपास रोज येणारी तक्रार हीच, त्यामुळे हिशेब नीट मांडते.

आधी 32, 34 या आकड्यांबद्दल. इंचातला नंबर पाहिला की वाटतं तो पट्ट्याचा घेर असणार. पण 32 लिहिलेली बायकांची पँट टेबलावर पसरून पट्टा मोजा, बहुतेक वेळा 33 ते 35 इंच भरेल. याचं एक कारण असं की आजच्या बहुतेक पँट खऱ्या कमरेवर बसतच नाहीत. खरी कंबर म्हणजे बेंबीच्या थोडी वर, जिथे अंग सगळ्यात बारीक असतं ती जागा. पट्टा येतो त्याच्या दोन-तीन इंच खाली, आणि तिथे घेर वाढलेला असतो. 32 चा अर्थ इतकाच, की खरी कंबर 32 च्या आसपास असलेल्या बाईसाठी ही पँट कापली आहे. दुसरं कारण असं की काही कंपन्या ग्राहकाला बरं वाटावं म्हणून 32 च्या मापावर 30 ची चिठ्ठी लावतात. त्यामुळे दोन कंपन्यांच्या 32 मध्ये दीड-दोन इंचांचा फरक सहज निघतो.

12, 14, 16 हे नंबर मुळात झग्यांचे. झगा छातीपासून खाली येतो, म्हणून त्याचा नंबर छाती, कंबर आणि सीट यांची एक ठरावीक सांगड असते. ब्रिटनच्या 1982 च्या मानकात, म्हणजे बीएस 3666 मध्ये, नंबर ठरायचा तो छाती आणि सीट यांच्या मापांवर. कंबरेचा त्यात पत्ताच नव्हता. अमेरिकेची गोष्ट याहून मजेची आहे. तिथे 1939-40 मध्ये सुमारे 15,000 बायकांची मापं घेतली गेली, आणि त्यावरून 1958 मध्ये व्यापारी मानक आलं. त्यात नंबराच्या जोडीला उंचीचं अक्षर असायचं, आणि सीट सरासरीपेक्षा भारी असेल तर अधिक, हलकी असेल तर उणे अशी खूण असायची. म्हणजे कंबर आणि सीटचं प्रमाण प्रत्येकीचं वेगळं असतं, हे तेव्हाच्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. ते मानक पाळायची कंपन्यांवर सक्ती नव्हती, शेवटी 1983 मध्ये ते मागे घेतलं गेलं. त्या कोष्टकात 8 नंबरच्या बाईची कंबर साडेतेवीस इंच होती. आजच्या अमेरिकी कोष्टकांत 8 नंबर अठ्ठावीस-एकोणतीसच्या पुढेच सापडतो. आकडा तोच राहिला आणि बाई पाच इंचांनी वाढली.

आपल्याकडे ही सगळी कोष्टकं एकाच वेळी बाजारात असतात. निर्यातीतून उरलेला माल जिथे विकला जातो, म्हणजे मुंबई-पुण्याच्या फॅशन स्ट्रीटसारख्या ठिकाणी, एका ढिगात ब्रिटिश 14, जर्मन 40, फ्रेंच 42, इटालियन 46 आणि अमेरिकी 10 अशा चिठ्ठ्या दिसतात. ढोबळमानाने हे सगळे एकच माप आहेत. आणि जीन्सवाल्यांच्या नेहमीच्या तक्त्यात अमेरिकी 10 समोर 30 लिहिलेलं असतं. तुम्ही पाहिलेलं "30 म्हणजे 14" तिथूनच येतं. असा तक्ता फक्त चिठ्ठीला चिठ्ठी जोडतो. 30 नंबरची पँट 40 इंच सीटसाठी कापली आहे आणि 14 नंबरची 41 साठी, हे तो सांगत नाही. म्हणून नंबरावरून नंबर काढू नका. प्रत्येक कंपनीच्या कोष्टकात थेट आपली इंचातली मापं शोधा.

आता मुख्य गोष्ट. कारखान्यात पॅटर्न एकाच मापाचा बनतो, आणि बाकीचे नंबर त्यावरून पायरीपायरीने मोठे-लहान केले जातात. 32 वरून 34 करताना कंबरेत दोन इंच वाढवले तर सीटमध्येही साधारण दोनच वाढवतात. त्यामुळे कंबर आणि सीट यांच्यातला फरक सगळ्या नंबरांत जवळपास तोच राहतो. बहुतेक कोष्टकांत तो नऊ ते दहा इंच असतो. तुमचा फरक अकरा आहे. तुम्ही 30 घ्या, 34 घ्या, 38 घ्या, त्या कंपनीच्या पँटमध्ये तुमचा तो एक इंच कधीच भरून निघणार नाही. नंबर वाढवला की सीट सुटते आणि कंबर तेवढीच फाकते. बायका ट्रायल रूममध्ये एकामागून एक नंबर घालून पाहतात आणि शेवटी आपल्या अंगालाच दोष देतात. पण ज्या पॅटर्नमध्ये फरकच दहाचा आहे, त्यात अकरा फरकाच्या बाईसाठी बरोबर नंबर नसतोच. दोन्हीपैकी एक जागा जुळवून घ्यायची आणि दुसरी दुरुस्त करायची, एवढाच मार्ग उरतो.

जुळवायची ती सीटची जागा, आणि त्याचं कारण शिवणीत आहे. तयार पँटच्या बाजूच्या शिवणीत आत माया असते ती जेमतेम अर्धा इंच, पुष्कळदा त्याहून कमी. पुरुषांच्या पँटला मागच्या मधल्या शिवणीत इंच-सव्वा इंच जास्तीचं कापड ठेवायची पद्धत आहे. बायकांच्या पँटला ते सहसा नसतं. म्हणून घट्ट सीट उसवून मोठी करता येत नाही. सैल कंबर मात्र आत घेता येते.

पण 42 ची सीट म्हणजे 42 ची पँट असंही नाही, आणि सीटवरच्या सैलपणाचा प्रश्न इथे येतो. उभं राहून मोजलं तर तुमची सीट 42 आहे. खुर्चीवर बसून त्याच जागी टेप फिरवा, 44 च्या आसपास भरेल. बसल्यावर अंग पसरतं, कुणाचं इंचभर, कुणाचं दोन इंच, मऊ अंगाचं त्याहूनही जास्त. न ताणणाऱ्या कापडाने हा पसारा मावून घ्यायला हवा. म्हणून साध्या कॉटन ट्विल, लिनन किंवा न ताणणाऱ्या टेरीकॉटच्या सरळ पँटला सीटवर किमान दोन इंच सैल लागतेच. नीट, सुखाने बसणारी पँट हवी असेल तर अडीच ते तीन इंच धरा. पुढे प्लेट असलेल्या पँटला मी चार इंच ठेवते, कारण त्याहून कमी ठेवलं तर उभ्या उभ्या प्लेट फाकून दिसतात आणि त्या घालायचा उद्देशच जातो. पलाझोला हा हिशेब लागू नाही, तिथे सीट आपोआप मोकळी असते, तिथे कंबरेवरून नंबर घेतला तरी चालतो.

ताणणाऱ्या कापडाला ही सैल कमी लागते, कारण बसल्यावरची जागा कापड स्वतः ताणून देतं. ते किती ताणतं हे घरी पाहता येतं. सीटच्या भागात आडवं दहा सेंटिमीटर कापड चिमटीत धरा आणि सहज, जोर न लावता ओढा. साडेअकरापर्यंत गेलं तर ताण पंधरा टक्के. सोडल्यावर ते लगेच दहावर परत आलं पाहिजे. परत न येणारं कापड संध्याकाळपर्यंत गुडघ्यावर आणि सीटवर फुगे धरतं, त्याच्या ताणावर भरवसा ठेवू नका. आणि असलेला सगळा ताण पहिल्या दिवशीच वापरू नका. बसल्यावर त्याच्या निम्म्याहून जास्त खर्च होत नसेल तर पँट टिकेल आणि तिला श्वास घेता येईल. ताणाच्या जीन्समध्ये तर कापडाचं माप अंगापेक्षा एक-दोन इंच कमीही ठेवतात.

आता तुमच्या दोन्ही पँट घेऊ. कॉटनच्या पँटचं कोष्टक साधारण असं असणार: 30 नंबरला कंबर 30 आणि सीट 40, 32 ला 32 आणि 42, 34 ला 34 आणि 44. तुमची सीट 42, म्हणून कोष्टक तुम्हाला 32 कडे पाठवतं. पण ही अंगाची मापं आहेत, कपड्याची नाहीत. अंगावर बेताने बसणाऱ्या कटमध्ये कंपनी त्यावर जेमतेम एक इंच सैल टाकते, म्हणजे 32 ची प्रत्यक्ष सीट 43. तुमच्या वाट्याला एक इंच आला, आणि बसल्यावर 44 इंच अंगाला 43 इंच कापड. मग खिसे फाकणार आणि पट्टा खाली सरकणार, दुसरं काय होणार? 34 ची प्रत्यक्ष सीट 45, म्हणजे तुम्हाला तीन इंच सैल. हवी तेवढी आहे.

राहिली कंबर. 34 चा पट्टा मोजलात तर साधारण साडेपस्तीस भरेल. पट्टा तुमच्या अंगावर जिथे येतो, तिथे टेप लावून पाहा. बेंबीखाली दोन इंचांवर तो 33 च्या आसपास येईल. त्यात अर्धा इंच सैल धरली तर तुम्हाला साडेतेहेतीसचा पट्टा हवा. जास्तीचे दोन इंच, हीच तुमची मूठभर फट. ती आत घ्यायला हवी, पण सगळी एकाच जागी नको. मागच्या मधल्या शिवणीतून सव्वा ते दीड इंचापेक्षा जास्त घेतलं की मागचे खिसे एकमेकांना चिकटू लागतात आणि बाजूच्या शिवणी मागे ओढल्या जातात. म्हणून शिंप्याला सांगा: मागच्या मध्यातून सव्वा इंच, उरलेला पाऊण इंच मागच्या दोन डार्टमध्ये निम्मा-निम्मा. डार्ट नसतील तर बाजूच्या शिवणीतून. पट्टा मागे मध्यावर कापून पुन्हा जोडावा लागेल, आणि घेतलेली शिवण सीटच्या सगळ्यात भरल्या जागेच्या वरच विरली पाहिजे. ती खाली ओढली तर ज्या सैलपणासाठी तुम्ही 34 घेतली, तोच शिंपी शिवून टाकेल. हे न विसरता सांगा, कारण घाईत सरळ रेघ मारून खालपर्यंत शिवण घेणारे बरेच असतात.

दुसरी, ऑफिसची पँट. समजा तिथलं कोष्टक 14 ला कंबर 31 आणि सीट 41, 16 ला कंबर 33 आणि सीट 43 असं आहे. तुमची कंबर 14 मध्ये चपखल आणि सीट दोन नंबरांच्या बरोबर मध्ये. इथे कापड निर्णय देतं. 14 ची प्रत्यक्ष सीट 42 असेल, म्हणजे उभ्याने तुम्हाला सैल शून्य. बसल्यावर 44 लागतील, म्हणजे 42 वर दोन इंच, पाच टक्क्यांच्या आत. कापड पंधरा टक्के ताणत असेल तर त्याचा तिसरा भाग वापरला जातो. चालेल, आणि कंबरेला हात लावावा लागणार नाही. हीच पँट न ताणणाऱ्या कापडात असती तर मी तुम्हाला 16 सांगितली असती: सीट 44, सैल दोन इंच, किमान मर्यादेवर बसणारी, आणि कंबर पुन्हा अल्टर. ताणणारी पँटही अंगाला चिकटलेली आवडत नसेल तर 16 घ्यायला हरकत नाही, पण मग ताण असलेल्या कापडाचा फायदा सोडून दिलात असं समजा. कोष्टकातले आकडे माझ्या अंदाजापेक्षा वेगळे असतील तर हाच हिशेब त्या आकड्यांवर करा.

कोष्टक वाचताना एक खात्री करा: आकडे अंगाचे आहेत की कपड्याचे. 'टू फिट' लिहिलं असेल तर ते अंगाचं माप, त्यात सैल कंपनीने आधीच धरलेली आहे. 'गारमेंट' लिहिलं असेल तर ते कापडाचं, त्यातून तुमची सीट वजा करून सैल तुम्ही काढायची. दोन्हींत गल्लत झाली तर तुम्ही सैल दोनदा धराल आणि पोतं घरी येईल, किंवा एकदाही धरणार नाही. काहीच लिहिलेलं नसेल तर कंबरेचा आकडा पाहा. 34 नंबरसमोर कंबर 34 असेल तर बहुधा अंगाचं, साडेपस्तीस असेल तर कपड्याचं.

तुमच्याकडे आधीच नीट बसणारी एखादी पँट असेल तर तिच्या मापासारखा आधार नाही. बटण लावून ती टेबलावर सपाट ठेवा, पुढचा आणि मागचा पट्टा एकावर एक आणा, पट्ट्याची रुंदी मोजून दुप्पट करा. सीट मोजताना वरून खाली मोजत येऊ नका, कारण कमी उंचीच्या पँटमध्ये पट्टाच खाली असतो आणि तुम्ही मांडीवर पोहोचाल. पाय जिथे जुळतात त्या जोडापासून तीन इंच वर या, आणि पट्ट्याला समांतर, म्हणजे मधे जरा खाली झुकलेली रेघ धरून मोजा. सरळ आडवं मोजलं की आकडा कमी येतो. मापं घेताना कापड ओढू नका. कॉटन पँट नवीन असेल तर एकदा धुऊन झाल्यावरचंच माप खरं धरा.

ट्रायल रूममध्ये टेप नसतो, तिथे चिमटी वापरा. सरळ उभं राहून सीटच्या सगळ्यात भरल्या जागी दोन्ही बाजूंना कापड चिमटीत धरा. प्रत्येक बाजूला अर्धा इंचाची घडी धरता आली तर एकूण दोन इंच सैल आहे, कारण घडीत कापड दुहेरी असतं. मग बसा. बसल्यावर पुढून चेन ताठ राहून फुगली, बाजूचे खिसे कानांसारखे उभे राहिले, किंवा मांडीच्या सांध्यापासून आडव्या सुरकुत्या मिशांसारख्या फुटल्या, तर सीट कमी आहे. पट्टा गळ्याभोवती गुंडाळून माप बघायची जी युक्ती रस्त्यावरच्या दुकानात चालते, ती जमलीच तर कंबरेचं सांगते, सीटचं काहीच नाही.

एका गोष्टीत मात्र फसगत होते. पँट बसल्यावर मागून खाली जाते, पण चिमटीत सैल पुरेशी येते. अशा वेळी दोष सीटच्या घेराचा नाही, मागच्या आसनाचा असतो: पट्ट्यापासून पायांच्या जोडापर्यंतचं मागचं कापड उंचीला कमी पडतंय. इथे नंबर वाढवून फारसा फायदा होत नाही, कारण पुढच्या नंबरात घेर दोन इंच वाढतो, पण आसन जेमतेम पाव-अर्धा इंच. ती पँट परत करा आणि कंबर उंच असलेला कट पाहा.

आणि ज्या कंपनीत 'कर्व्ही' कट मिळतो, तिथे नंबर बदलण्याआधी तो उघडून बघा. त्याच्या कोष्टकात त्याच कंबरेसमोर सीट एक-दोन इंच जास्त लिहिलेली असेल, म्हणजे 32 कंबरेला सीट 43 किंवा 44, तर फरक अकरा-बारा झाला आणि तो कट तुमच्या अंगाचा आहे. सीट तितकीच लिहिलेली असेल आणि फक्त चिठ्ठीवरचं नाव बदललेलं असेल, तर साधी 34 आणि शिंपी हेच स्वस्त पडेल.